हाय-वेस्ट जीन्सची लो-राइज: कापण्याआधी, कापताना आणि कापल्यावर

दिवाळीच्या सुट्टीत भाची पुण्याहून आली ती चार जीन्स बॅगेत कोंबूनच. चारही हाय-वेस्ट, बेंबीच्या वर जाणाऱ्या. "मावशी, ह्या खाली आणून दे. आता हे असलं वर कोणी घालत नाही." मला हसूच आलं. २००३ साली मी कॉलेजात होते तेव्हा कमरेखाली बसणाऱ्या जीन्सवरून आमच्या आईने घर डोक्यावर घेतलं होतं. आता तीच आई खुर्चीत बसून नातीला विचारत होती, "खाली म्हणजे किती खाली गं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. ह्या सगळ्या कामात खरा प्रश्न तेवढाच आहे.

मी सोलापुरात घरी शिवणकाम करते. आधी बरीच वर्षं शाळेच्या युनिफॉर्मचं काम केलं, त्यामुळे जाड कापड, चेन, काज ह्यांची सवय आहे. तरीही पहिली जीन्स मी बिघडवली. दुसरी नीट झाली. ती कशी झाली ते इथे मापांसकट लिहिते. तिच्यासोबतचा बेबी टी, चमकदार कापडाची चिमुकली पर्स आणि क्लिपांचंही शेवटी सांगते. पण जास्त वेळ जीन्सवरच जाणार, कारण टी-शर्ट चुकला तर शंभर-दोनशेचं नुकसान, आणि जीन्स चुकली की ती परत वर जोडता येत नाही.

लो-राइजचा इतिहास थोडक्यात असा. १९९३ च्या सुमारास लंडनच्या अलेक्झांडर मॅकक्वीनने पार नितंबांच्या फटीपर्यंत उतरणारी 'बमस्टर' पँट दाखवली आणि लोकांनी नाकं मुरडली. दहा वर्षांच्या आत त्याचीच सौम्य आवृत्ती पॉप गायिकांच्या अंगावरून आपल्या नवी पेठेत येऊन लटकली. मग पुढची दहा-बारा वर्षं कंबर हळूहळू वर चढत गेली. म्यु म्यु ह्या इटालियन कंपनीने २०२२ च्या उन्हाळ्यासाठी कमरेखाली बसणारे आखूड स्कर्ट आणले, तिथून ती पुन्हा उतरली. इतिहास इथे संपला, आता टेप घ्या.

राइज म्हणजे काय मोजायचं

जीन्सच्या पुढच्या बाजूला आसनाच्या चौफुलीपासून, म्हणजे चारही शिवणी जिथे भेटतात तिथपासून, पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे पुढची राइज. मागून मोजलं की मागची. हाय-वेस्टमध्ये पुढची राइज साधारण अकरा इंच किंवा जास्त असते, मिडमध्ये नऊ-दहा, आणि आठ किंवा त्याखाली गेलं की लो-राइज. मागची राइज नेहमीच पुढच्यापेक्षा चार-पाच इंच जास्त असते, कारण मागे सीट असते. हे वाक्य दोनदा वाचा, माझी पहिली जीन्स ह्याच्यावरच आपटली.

एक पळवाट सगळ्याच मुली काढतात. दोन नंबर मोठी जीन्स घ्यायची आणि ती आपोआप खाली घसरू द्यायची. त्याने जीन्स खाली बसते हे खरं, पण तिचं आसनही तेवढंच खाली येतं. मांड्यांमध्ये झोळ लोंबतो, चालताना कापड एकमेकांवर घासतं आणि पाठीमागून सीट रिकामी पोत्यासारखी दिसते. लो-राइजमध्ये आसन जागेवरच हवं आणि फक्त वरची कड खाली यायला हवी. म्हणून चांगली बसणारी हाय-वेस्ट जीन्स वरून कापणं हाच सरळ मार्ग आहे.

आधी अंगावर रेघ ठरवा

एक नाडी किंवा अर्धा इंची इलॅस्टिक कमरेखाली बांधा, जिथे जीन्सची कड यावीशी वाटते तिथे. आरशासमोर उभं राहून ठरवू नका. नाडी बांधून खुर्चीवर बसा, खाली वाकून चप्पल घाला, आणि स्कूटी असेल तर तिच्यावर बसून बघा. नाडी स्वतःहून जिथे स्थिरावते तीच खरी जागा. भाचीने आरशात जी रेघ दाखवली ती बसल्यावर मागून सव्वा इंच वर न्यावी लागली. पुढची मात्र तिथेच राहिली.

आता नाडीच्या रेघेवरून शरीराचा घेर मोजा. भाचीची कंबर २८ इंच आहे, पण ह्या खालच्या रेघेवर घेर साडेतेहतीस भरला. साडेपाच इंचांचा फरक. त्यामुळे जुना कमरेचा पट्टा काढून खाली परत लावायचा विचार सोडून द्या. तो पुरतच नाही. शिवाय बऱ्याच जीन्सचा पट्टा सरळ कापलेला असतो. बारीक कमरेवर तो चालतो, पण खाली नितंबांकडे शरीर पसरत जातं, तिथे सरळ पट्टा वरच्या कडेला उघडा पडतो. नवीन कडेला आतून गोलाई असलेली पट्टी लावायची, हा त्यावरचा उपाय.

कुठली जीन्स कापण्याजोगी

पहिली बिघडल्यावर उरलेल्या तीनपैकी दोन मी बाजूला ठेवल्या. एकीत मागचे खिसे फार वर लावलेले होते. नवीन कडेपासून खिशाच्या वरच्या टोकापर्यंत निदान दीड इंच तरी उरायला हवा, नाहीतर आतल्या पट्टीची टीप खिशावरून जाते आणि खिशाचं तोंड बंद होतं. खिसा काढून खाली लावू म्हणाल तर तेही करून बघितलंय. खिशाखालचं कापड कधी उन्हाला आणि धुण्याला लागलेलं नसतं, ते गडद निळं राहिलेलं असतं. खिसा हलवला की त्याच्या जागी त्याचंच भूत उमटतं.

दुसरी फार लवचिक होती, लेगिंगसारखी. अशा कापडाची कापलेली कड हातात घेतानाच ताणून लाटेसारखी होते. थोडं, म्हणजे दोन टक्क्यांपर्यंत लायक्रा असलेलं चालतं. लेबल वाचा. लेबल नसेल तर कापड आडवं ओढून सोडा. चटकन जागेवर आलं तर ठीक, ढिलं राहिलं तर त्या जीन्सला हात लावू नका.

उरलेली तिसरी जवळजवळ पूर्ण सुती, सरळ पायांची. तिची मापं अशी होती: पुढची राइज ११, मागची १५, कमरेचा पट्टा दीड इंच रुंद. तिला आधी एकदा धुऊन वाळवून घेतलं. सुती डेनिम आटतं, आणि कापल्यावर आटलं तर मापं कुठे शोधत बसणार?

खुणा: तिन्ही बाजूंना वेगळ्या

पहिल्या जीन्सला मी वरून सगळीकडे सारखे तीन इंच खूण केली होती. पट्टीने रेघ मारली, सरळ, देखणी. कापून, शिवून, भाचीला घातली. उभी राहिली तर छान. स्टुलावर बसली आणि मागे तळहात आत जाईल एवढी फट. ती जीन्स घेऊन मी गल्लीतल्या टेलरकाकांकडे गेले. त्यांनी उलटीपालटी केली आणि म्हणाले, "अगं, माणूस काय पाइप आहे का, सगळीकडून सारखा कापायला?"

बसताना मागचं कापड सीटवरून ताणलं जातं आणि कड खाली ओढली जाते. पुढे उलट कापड गोळा होतं. म्हणून पुढून जास्त कापायचं, मागून कमी, आणि बाजूला मधलं. ह्या जीन्सला मी वरच्या कडेपासून पुढे ३ इंच, बाजूच्या शिवणीवर अडीच आणि मागे मध्यावर २ इंच मोजलं. म्हणजे पुढची राइज ८ आणि मागची १३ उरली. आकडे मोठे वाटतात, पण त्यातला दीड इंच तर पट्ट्यातच गेला. अंगाचं कापड पुढे दीड, बाजूला एक आणि मागे फक्त अर्धा इंच कमी होतं.

तीन ठिकाणच्या खुणा खडूने गोलाईत जोडा. मागच्या आणि पुढच्या मध्यावर रेघ इंचभर तरी आडवी सपाट चालली पाहिजे, नाहीतर तिथे टोक येतं. ही झाली शिवून तयार झालेली कड. ह्याच्या वर अर्धा इंच माया ठेवून दुसरी रेघ मारा. कात्री दुसऱ्या रेघेवर चालवायची आहे. घाईत पहिल्या रेघेवर कापणारे खूप असतात, म्हणून मी कापायची रेघ लाल खडूने मारते.

कात्री लावण्याआधी तयार कडेच्या रेघेवर जीन्सचा घेर मोजा. इथे तो ३४ भरला, शरीराचा साडेतेहतीस. अर्ध्या इंचाची सैल उत्तम. जीन्सचा घेर शरीरापेक्षा कमी भरला तर ती जीन्स त्या रेघेवर मांसात रुतणार, रेघ थोडी वर घ्या. दीड इंचापेक्षा जास्त सैल असेल तर मागे इलॅस्टिक घालावं लागेल. ते पुढे येतं.

चेन खाली, मग कात्री

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चेनचा रनर पूर्ण खाली ओढा. बटण लावून चेन बंद ठेवून कापलं तर रनर कापलेल्या तुकड्याबरोबर हातात येतो आणि चेन बाद होते. रनर तळाला गेल्याची खात्री झाली की बेल्टचे लूप उसवून बाजूला ठेवा. खिशाच्या टोकाची तांब्याची रिवेट रेघेच्या आसपास असेल तर पक्कडीने आधीच काढून टाका, सुईने तिच्यावर डोकं आपटलं तर सुईचा तुकडा डोळ्यात उडतो.

कापड कात्रीने कापा, पण चेनच्या दातांवर कात्री चालवू नका. तिथे पोचल्यावर थांबा. कड येणार त्या रेघेच्या वरचे धातूचे दात पक्कडीने एकेक धरून उपटा, मग फक्त चेनची कापडी पट्टी कापा. दात मायेत राहिले तर मशीन त्यावरून जाणारच नाही. दोन्ही बाजूंना शेवटच्या दातावर जाड दोऱ्याने सहा-सात फेरे घाला. रनर वर येऊन निसटू नये म्हणून हीच अडसर.

कापून निघालेला वरचा तुकडा फेकू नका, त्याचं काम आहे.

कापल्या कापल्या, जीन्स उचलण्याआधी, मायेच्या आत कडेपासून पाव इंचावर एक साधी टीप सगळीकडून मारून घ्या. गोलाईत कापलेलं डेनिम तिरकं सुटतं आणि हाताळताना दोन इंचांनी सहज ताणतं. ह्या टिपेनंतर घेर परत मोजा. वाढला असेल तर कड ओलसर करून इस्त्रीने आत दाबा, ताणलेलं बरंचसं बसतं.

आतली पट्टी

जीन्स सपाट टेबलावर पसरा. नव्या कडेखालचा पावणेदोन इंचांचा भाग कागदावर तसाच उतरवा. पुढचा अर्धा भाग एक, मागचा अर्धा भाग एक. कागद उचलून बघाल तर तो सरळ नसून धनुष्यासारखा वाकलेला दिसेल. ही गोलाई सरळ पट्ट्यात नव्हती. कागदावर वर आणि बाजूंना अर्धा इंच माया वाढवा.

पट्टीसाठी डेनिम वापरू नका, जाडी दुप्पट होते आणि नेमकी पोटाच्या मऊ भागावर काचते. सुती पॉपलीन घ्या. सोलापुरात युनिफॉर्मच्या शिलाईमुळे शर्टाच्या कापडाचे तुकडे हवे तेवढे मिळतात, पण ते बहुतेक टेरिकॉट असतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, चाळीसच्या वर पारा असताना, कमरेला टेरिकॉटची पट्टी म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण. पॉपलीन आधी भिजवून वाळवा, मग त्याला पातळ फ्युजिंग इस्त्रीने चिकटवा.

पट्टीचे तुकडे बाजूच्या शिवणींवर जोडून लांब पट्टी करा. सुलट बाजू जीन्सच्या सुलट बाजूवर ठेवून तयार कडेच्या रेघेवर टीप मारा. डेनिमसाठी सोळा नंबरची सुई, टाका साडेतीन मिलिमीटर. बाजूच्या आणि मागच्या जाड शिवणींवर मशीन अडखळते, तिथे शिवणीचा उंचवटा आधी लाकडावर ठेवून हातोडीने ठोकून चपटा करा. घरची मशीन असेल तर तेवढे चार-पाच टाके चाक हाताने फिरवून घ्या. मायेला अर्ध्या इंचावर छोटे छेद द्या, पट्टी आत उलटा, आणि कडेपासून अगदी जवळून वरून एक टीप मारा म्हणजे आतलं कापड बाहेर डोकावत नाही. पट्टीची खालची कड पाव इंच दुमडून सव्वा इंचावर दुसरी टीप. हिला जीन्सच्या रंगाचा जाड दोरा लावला की बाहेरून मूळ पट्ट्यासारखं दिसतं.

घेर सैल निघाला असेल तर ही खालची टीप मारण्याआधी मागच्या भागात, एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत, इंची इलॅस्टिक त्या अंतरापेक्षा दीड इंच कमी लांबीचं घालून दोन्ही टोकं पक्की करा. पुढे इलॅस्टिक नको, चुण्या दिसतात.

राहिलं बटण. आता कमरेला वेगळा जाड पट्टा नाही, म्हणून सगळा ताण बटणाच्या जागेवर येतो आणि कापड महिनाभरात फाटतं. कापून ठेवलेल्या जुन्या पट्ट्यातून दोन इंचांचे दोन तुकडे घ्या. एक काजाच्या मागे आणि एक बटणाच्या मागे, पट्टी आणि जीन्सच्या मध्ये सरकवून शिवा. जीन्सचं बटण दोन भागांचं असतं आणि ठोकून बसवतात. ते आणि काज दोन्ही काज-बटणवाल्याकडून करून घेतलेलं बरं. हाताने केलेलं काज डेनिमवर टिकत नाही. लूप शेवटी लावा. पाचपैकी मागचा मधला लूप आणि बाजूचे दोन नक्की लावा. बेल्टशिवाय लो-राइज दिवसभर वर ओढत बसावी लागते.

पारखायची कशी? घालून खुर्चीवर बसा आणि मागून दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. कडेत दोन बोटं गेली तर चांगलं, चार गेली तर इलॅस्टिक हवंच. पुढे बसल्यावर कड पोटात रुतून वळी पडत असेल तर रेघ फार खाली गेलेली नाही, घेर कमी पडलाय. चेन लावताना रनर वर जाऊन निसटत असेल तर वरचे दात उपटून घातलेले फेरे ढिले आहेत. भाचीच्या जीन्सला दोन बोटं गेली. खिशाच्या तोंडाची उंची मात्र इंचाने कमी झाली आणि पुढच्या खिशात आता रुमालच जातो. वरून कापणार तर एवढं सोसावंच लागतं.

बेबी टी जीन्सनंतरच

टी-शर्टची उंची जीन्स घालून ठरवायची असते, म्हणून त्याला आत्तापर्यंत हात लावला नाही. तो आणि जीन्स ह्यांच्यामधलं अंतर हेच ह्या सगळ्या पोशाखाचं खरं माप आहे. दोन इंच अंतर असेल तर जुन्या फोटोंसारखं दिसतं. चार झालं की टी-शर्ट आटल्यासारखा वाटतो. अंतर नकोच असेल तर टी-शर्टची कड जीन्सच्या कडेवर जेमतेम टेकवा. हात वर केला की थोडं दिसतं, खाली केला की झाकतं. आमच्या घरी आईने आणि भाचीने ह्याच मापावर तह केला.

बेबी टी म्हणजे फक्त आखूड टी-शर्ट नाही. तो छातीला अंगाबरोबर किंवा इंचभर कमी असतो, बाही जेमतेम खांदा झाकते आणि छापील चित्र लहान असतं. मोठ्या टी-शर्टमधून कापला तर चित्र छातीभर पसरलेलं राहतं आणि सगळा घाट बिघडतो. त्यापेक्षा बारा-चौदा वर्षांच्या मुलांचा सुती टी-शर्ट घ्या. खांदा बेताचा असतो, गळा बारीक असतो, चित्रही मापात. भाचीसाठी चौदा वर्षांच्या मापाचा घेतला. बाही खांद्यापासून चार इंचांवर कापली, उंची खांद्याच्या वरच्या टोकापासून साडेअठरा इंच ठेवली.

होजिअरीला साध्या सुईने भोकं पडतात, बॉलपॉइंट सुई लावा, अकरा नंबर. टाका अगदी अरुंद झिगझॅग. सरळ टाक्याने शिवलं की घालताना डोक्यावरून ओढल्याबरोबर कटकट आवाज करत दोरा तुटतो. कापलेली खालची कड न शिवता सोडली तरी होजिअरी सुटत नाही, फक्त वर वळते. त्या काळातल्या टी-शर्टना नीट दुमडच असायची, म्हणून मी अर्धा इंच दुमडून शिवते. शिवताना कड ओढू नका, लाटा येतात.

चकाकी: एकच वस्तू, आणि अंगावर नको

चंदेरी टॉप, चंदेरी पँट असं सगळं एकदम घालायचा मोह होतो. मला ते लग्नाच्या बँडवाल्यासारखं दिसतं. पण चकाकी अंगावर नको म्हणण्याचं खरं कारण वेगळं आहे. आजचं बहुतेक चमकदार कापड म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर चढवून, ती बारीक चिरून केलेला धागा. फॉइल छापलेल्या होजिअरीत तर चमक नुसती वरून चिकटवलेली असते. हवा जात नाही, घाम सुटतो, आणि काखेत, कोपऱ्यात जिथे घडी पडते तिथे फॉइल आधी तडकतं. सोलापूरच्या उन्हात ते दोन उन्हाळे काढणार नाही. म्हणून चकाकी पर्समध्ये घाला.

कापड घरातच असतं. आईच्या कपाटात एक टिश्यूची साडी होती, पदर फाटलेला, तिने आनंदाने दिली. कापण्याआधी जरीचा एक धागा उपसून काडीने जाळून बघा. वितळून काळी गोळी झाली तर ती प्लास्टिकची जर, बिनधास्त कापा. तार तशीच राहिली तर त्यात धातू आहे. चांदीचीही असू शकते, आधी पारखून घ्या. चांदीच्या जरीची जुनी साडी विकत घेणारे असतात, तिची पर्स करणं म्हणजे तोटा.

काखेत बसणाऱ्या आखूड पर्सचा घाट सिल्व्हिया व्हेंचुरिनी फेंडी ह्यांच्या १९९७ च्या 'बगेट' पर्समुळे गाजला. त्या काळी पर्स हवी तेवढी लहान करता यायची, कारण फोन लहान होते. नोकिया ११०० सव्वाचार इंचांपेक्षाही आखूड होता. आजचा फोन साडेसहा इंचांच्या आसपास असतो. म्हणून तयार पर्स आठ इंच रुंद आणि पाच इंच उंच करा. बाजारातल्या सहा इंची पर्स फोटोसाठी आहेत, फोन हातातच धरावा लागतो.

टिश्यू फार सुटतं, त्यामुळे मागून फ्युजिंग चिकटवून मगच कापा आणि माया पाऊण इंच ठेवा. इस्त्री मंद, आणि मध्ये सुती रुमाल. जास्त गरम लागली की कापड क्षणात आकसून खडबडीत होतं, आणि ते परत सरळ होत नाही. सुई नवी कोरी, अकरा नंबर. बोथट सुई जरीचे धागे ओढते आणि कापडावर आडव्या रेघा उमटतात.

क्लिपा आणि साखळ्या

इथे फार सांगण्यासारखं नाही. फुलपाखरांच्या क्लिपा, टिकल्या लावलेले चाप, बारीक साखळ्या जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत ढिगाने मिळतात. स्प्रिंग दाबून बघून घ्या, प्लास्टिकचे पंख जोडाशीच तुटतात. पाच-सहा क्लिपा पुढच्या केसांत, भांगाच्या दोन्ही बाजूंना, एवढं पुरे.

कमरेच्या साखळीबद्दल मात्र एक सांगते. स्वस्त साखळीत आणि जीन्सच्या बटणातही निकेल असतं, आणि घामाबरोबर ते त्वचेला लागलं की काहींना बेंबीखाली लाल खाजरा चट्टा उठतो. तो नेमका बटणाच्या किंवा साखळीच्या जागीच असेल तर कारण तेच समजा. बटणाच्या आतल्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन थर दिले की काही दिवस अडतं, पण घासून निघतं, परत द्यावं लागतं. भाचीला तिसऱ्या दिवशीच चट्टा उठला. साखळी काढून टाकली आणि बटणामागे पॉपलीनची बोटभर चिंधी शिवून दिली.

आणि जीन्सचा कापून ठेवलेला पट्टा? दोन तुकडे बटणामागे गेले, पण बावीस इंच सलग उरले होते. त्याची दोन्ही टोकं इंच-इंच आत घेऊन चंदेरी पर्सच्या बाजूंना शिवली. पर्स काखेखाली नऊ इंचांवर लोंबते. पट्ट्यावर मूळचं चामड्याचं लेबल तसंच आहे, ते काढू दिलं नाही तिने.